न काढलेला कट

मूर्खपणा माणूस सहसा तरुणपणी करतो. मी तो सत्तेचाळिसाव्या वर्षी केला, त्यामुळे मला वयाची सबबसुद्धा देता येत नाही. सुनेला पुरणपोळी शिकवताना मी एक ओळ गाळली. गाळायची असते डाळ, मी गाळली ओळ. 'डाळ शिजली की चाळणीवर ओतून पाणी निथळू द्यावं.' मोजून आठ शब्द. त्या पाण्याला कट म्हणतात, त्याचीच आमटी होते. मराठी भाषा मोठी खट्याळ बाई आहे. मी सुनेला कट काढायला सांगितलं नाही आणि त्यालाच कट करणं म्हणतात, हे तिने माझ्यासाठी आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

दरवर्षी शिमगा जवळ आला की मला हे आठवतं. आठवायचं नसतं, पण ऋतू काही विचारून येत नाही. बोरीवलीत आमच्या मागच्या गॅलरीतून नॅशनल पार्काच्या कडेची काटेसावर दिसते. अंगावर एक पान नसताना ती लालेलाल होते, कावळे आणि मैना तिच्यावर भांडायला बसतात. दुपारी गॅलरीची लादी तापायला लागते. खालच्या मजल्यावरची मुलगी परीक्षेचं पुस्तक हातात धरून जिन्यात येरझाऱ्या घालते आणि पाठ केलेलं मोठ्याने म्हणते. वाण्याकडचा गूळ गोणपाटाला चिकटायला लागतो. सोसायटीतली पोरं कोपऱ्यात सुकी लाकडं, मोडकी खोकी जमवतात आणि वॉचमन ती रोज हलवतो. मग एका सकाळी कुणाच्या तरी खिडकीतून हरभऱ्याची डाळ शिजल्याचा वास येतो. थोडा मातकट, थोडा गोडसर. तो वास आला की मी लाजेने खिडकी लावून घेते. बाकीच्या बायकांच्या तोंडाला पाणी सुटतं.

त्या साली वृषाली नवी होती. माझ्या नंदूने तिला कुठून आणली, तर खाडीपलीकडून. गोराईच्या कोळीवाड्यातून. एकाच ऑफिसात कामाला होती दोघं. नंदूने येऊन सांगितलं तेव्हा मी तोंडाने 'बरं' म्हटलं, आणि मनात काय म्हटलं ते आज इथे लिहिते, कारण लिहायलाच बसले आहे. मी मनात म्हटलं, कोळणीची पोर. आम्ही स्वतः कोण? कणकवलीकडचे, गिरणीच्या भोंग्यावर उठणारे. एका खोलीत आठ माणसं राहिलेली. ह्यांची गिरणी बंद पडली तेव्हा बांगडा घ्यायचा की पेडवे, यावर घरात सभा भरायची. आठवड्याचे चार दिवस मासे खाणारं घर आमचं, आणि मासे विकणाऱ्या घरातली पोर मला कमी वाटली. आपल्यापेक्षा खाली कुणीतरी असावं म्हणून माणूस किती लांब शोधायला जातो, पाहा. मी तर लॉंचमध्ये बसून खाडी ओलांडून शोधायला गेले.

चाळीतून ब्लॉकमध्ये आल्यावर माझ्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती. माझी पुरणपोळी. चाळीत पाचपन्नास माणसं ओळखायची, इथे बिल्डिंगमध्ये दारं बंद. पहिल्या शिमग्याला मी मजल्यावरच्या चारही घरी पोळ्या दिल्या आणि ती चार दारं उघडली. तेव्हापासून मी 'पोळीवाल्या काकू'. मी त्या नावावर जगत होते. एखाद्या बाईला मंगळसूत्र हरवायची भीती असते, तशी मला ते नाव हरवायची भीती होती. आणि घरात आलेली ही पोर चलाख, हाताला चव असलेली. पहिल्याच आठवड्यात तिने कोलीमाचं, म्हणजे बारीक जवळ्याचं, कालवण केलं, तेव्हा ह्यांनी ताट बोटाने निपटून खाल्लं. माझ्या चाळीस वर्षांच्या स्वयंपाकात ह्यांनी ताट निपटलेलं मला आठवत नव्हतं. बरं, चाळीस नाही, तेव्हा सत्तावीस झाली होती. रागात हिशोब वाढतो.

शिमग्याच्या चार दिवस आधी ती संध्याकाळी ऑफिसातून आली, हातपाय धुतले, आणि एक वही घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. म्हणाली, "आई, आमच्याकडे शिमग्याला आई बाजारात बसलेली असते. पोळ्या शेजारून यायच्या. मला येत नाहीत. तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

मी सांगितलं. अगदी शाळेतल्या बाईसारखं, स्वल्पविराम देऊन सांगितलं. डाळ तीन तास भिजवावी. भरपूर पाण्यात मऊ शिजवावी, बोटाने चिरडली की पीठ व्हायला हवी, पण भगरा नको. आणि मग मी थांबले. ती पेन धरून वर बघत होती. मी म्हटलं, "मग त्यातच गूळ घालावा."

एवढंच. पुढचं सगळं खरं सांगितलं. वेलची, जायफळ, उलथणं उभं राहीपर्यंत आटवणं, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढणं. खोटेपणात खरेपणा भरपूर मिसळला की तो छान मळला जातो.

आता ज्यांना पुरण येत नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे माझ्या पापाचं वजन कळेल. डाळीतला कट न काढता गूळ घातला की आधीच पाणी, त्यात गुळालाही पाणी सुटतं. पुरणाचं पिठलं होतं. ते आटवायला माणूस ढवळत बसतो, अर्धा तास, पाऊण तास. पाणी आटेपर्यंत गूळ काही गप्प बसत नाही, त्याचा पाक व्हायला लागतो. मग पुरण घट्ट झालंसं दिसतं आणि नवखी बाई खूश होते. पण ते घट्टपण डाळीचं नसतं, पाकाचं असतं. गार झालं की ते चिक्कीसारखं ओढतं, बोटाला तार येते. आणि घाई करून आधीच उतरवलं, तर सैल राहून कणकेला भिजवतं. दोन्हीकडून मरण. तव्यावर पडलं की पाक पुन्हा वितळतो, पोळी जिथे पातळ तिथून बाहेर येतो, जळतो, पोळी तव्याला धरून बसते. उलथणं घातलं की कातडं एकीकडे आणि पुरण एकीकडे.

शिमग्याच्या दिवशी मी मजल्यावरच्या चारही घरांना जेवायला बोलावलं. 'यंदा सूनबाईच्या हातच्या पोळ्या,' असं स्वतः दारोदार जाऊन सांगितलं. माझं उजवं मनगट त्या दिवशी दुखत होतं, म्हणजे मी ते दुखवलं होतं, फडकं बांधून. आणि पहाटे साडेचारला उठून, वृषाली झोपलेली असताना, मी एक किलोचं पुरण घालून, कणीक तिंबून, दोन्ही डबे शेजारच्या शांताबाईंकडे नेऊन ठेवले होते. कट सुद्धा. एवढी अक्कल मी दुसऱ्या कुठल्या कामाला लावली असती तर माझा आज सत्कार झाला असता.

पुढचं चित्र मला पुसता येत नाही. स्वयंपाकघर धुराने भरलेलं. नव्या साडीचा पदर खोचलेला, कपाळावर पिठाचा हात लागलेला, बोटांना पुरणाच्या तारा. ती तव्यावरून चौथी पोळी खरवडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराचं असेल असं मी तेव्हा ठरवून टाकलं. बाहेर पाटावर माणसं. मी फडकं सोडलं, 'असू दे गं, नवी आहेस' असं गोड म्हटलं, शांताबाईंकडून डबे आणले, आणि तासाभरात चाळीस पोळ्या लाटल्या. दुखऱ्या मनगटाने! कुणाच्या लक्षातही आलं नाही. तूप वाढताना शांताबाई म्हणाल्या, "जाऊ दे हो, कोळणीच्या हाताला सुरमईच शोभते." सगळे हसले. नंदू हसला. मी सगळ्यात मोठ्याने हसले. वृषाली दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने सगळ्यांना पाणी वाढलं, एकही पेला सांडला नाही.

त्यानंतर तिने आमच्या घरात पुरणाला हात लावला नाही. मी एकदा-दोनदा वरवर म्हटलं, 'कर की यंदा.' ती म्हणाली, "मला जमत नाही, आई. तुम्हीच करा." ते वाक्य ऐकायला मला इतकं गोड वाटायचं की त्यात तूप घालायची गरज नव्हती. शिमग्याला ती डाळ निवडून द्यायची, भांडी घासायची, आणि दुसऱ्या दिवशी धुळवडीला लॉंचने माहेरी जायची. मी म्हणायचे, गेली मासे चापायला.

मग मिहीर झाला, मोठा झाला, आणि 'आईची पोळी' हा घरातला विनोद झाला. एखादी च्युइंगम दाताला चिकटली की तो म्हणायचा, "आजी, आईची पुरणपोळी!" आठ वर्षांचं पोर. त्याला कुणी सांगितलं? मीच. मांडीवर घेऊन, रंगवून, हावभाव करून. वृषालीसमोर. तीही हसायची. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, हे मला फार उशिरा आठवलं.

यंदाचा शिमगा रविवारी आला. आता घरात आम्ही तिघंच, मी, नंदू आणि वृषाली. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मिहीर जर्मनीत, आठ महिन्यांपूर्वी नव्या गावात नोकरीला लागलेला. माझे गुडघे गेलेत, पण पावशेर डाळीच्या पोळ्या मी अजून उंच स्टुलावर बसून करते. हट्ट म्हणा, किंवा पोळीवाल्या काकूंची मयत अजून उचलली नाही म्हणा. साडेबाराचा सुमार. पुरण झालं होतं, कट काढून आमटीला ठेवला होता. नंदू खाली होळीच्या वर्गणीवरून कुणाशी तरी वाद घालायला गेलेला. वृषाली ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. आणि मिहीरचा व्हिडिओ कॉल आला.

"आजी, वाट लागली!"

त्याच्या शर्टावर, चष्म्यावर, कपाळावर पीठ. मला कपाळावरचं पीठ बघून काहीतरी झालं, पण मी हसले. "काय रे, पिठाच्या गिरणीत नोकरी लागली की काय?"

"हसू नको यार. पाच जणांना जेवायला बोलावलंय. ऑफिसचे चौघं आणि वरच्या मजल्यावरची घरमालकीण. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे कुणीतरी येतंय, आजी. मी सगळ्यांना सांगितलंय की माझ्या आजीची डिश आहे, जगात भारी. आणि हे बघ."

त्याने फोन तव्यावर धरला. तव्यावर एक काळं-तपकिरी काहीतरी होतं. त्याच्या एका बाजूला भोक, भोकातून चकाकता गूळ बाहेर येऊन करपलेला. त्याने चमच्याने पातेल्यातलं पुरण उचललं. चमच्याबरोबर तार आली. लांब, सोनेरी, न तुटणारी तार.

मी ती तार ओळखली. बाई आपलं पोर गर्दीत ओळखते तशी ओळखली.

"कणीक दाखव," मी पटकन म्हटलं. गुन्हेगार नेहमी दुसऱ्या गल्लीत बोट दाखवतो. पण नशीब असं, की कणकेतही खरीच गडबड होती. त्याने तिथलं पूर्ण गव्हाचं पीठ आणलं होतं, आपल्या कणकेसारखं दिसतं म्हणून. त्यात कोंड्याचे तुकडे, डोळ्यांना दिसतील असे. मळलंही पुरीसारखं घट्ट, आणि दहा मिनिटांत लाटायला घेतलेलं.

"अरे, कोंडा म्हणजे बारीक सुऱ्या. पोळी ताणली की तो आतून कापतो. चाळ ते पीठ, अगदी बारीक चाळणीने. कोंडा फेक. मैद्यासारखं काही आहे का?"

"पांढरं आहे. पाचशे पन्नास नंबरचं."

"नंबर तुझ्याकडे ठेव. ते निम्मं घाल. मीठ, चिमूट हळद, दोन चमचे तेल. आणि सैल भिजव, हाताला लागेल इतकं सैल. मग तेलाचा हात लावून लावून तिंब. आपट त्याला. बॉसचा चेहरा आठव. ताणलं की रबरासारखं लांब व्हायला हवं, तुटता कामा नये. मग तेलात बुडवून दोन तास झाकून ठेव. जेवायला कधी येणारेत?"

"एक वाजता. आता इथे आठ वाजलेत."

"मग भरपूर वेळ आहे."

"पण पुरणाचं काय? तू पुरणाचं काहीच बोलत नाहीयेस."

खरंच मी पुरणाचं काहीच बोलत नव्हते. मी विचारलं, गूळ कुठला? शेगडी विजेची आहे ना, तिचाच दोष. मसाल्याच्या दुकानातला गूळ चिकीचा असेल. तो चिकट असतोच, हेही खोटं नाही. मी त्या देशाला, त्या शेगडीला, त्या दुकानाला, सगळ्यांना दोष देऊन झाला. मिहीर इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "आजी, थांब. मी सगळं वहीत बघूनच केलंय. आईकडे मागितलं होतं ना, आजीची रेसिपी पाठव म्हणून. तिने पानाचा फोटो पाठवला. 'डाळ शिजली की त्यातच गूळ घालावा.' मी तेच केलं. पाऊण तास ढवळलं, हात तुटला. यात पाणी काढायचं असतं का? मी व्हिडिओत एका बाईंना पाणी काढताना पाहिलं, पण म्हटलं आपली आजी बरोबर."

आपली आजी बरोबर.

वृषालीच्या हातातल्या कोथिंबिरीच्या काड्या मोडण्याचा आवाज थांबला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. आणि इथे माझी दुसरी चूक आहे. पहिलीला निदान सत्तेचाळीस वर्षांचा माज होता. ही मी शहात्तराव्या वर्षी केली, हातात जपमाळ धरायच्या वयात. मी म्हटलं, "काढायचं असतं रे पाणी. तुझ्या आईचं लिहायचं राहिलं असेल."

मिहीर मोकळा हसला. "आई पण ना! लिहिताना झोपली होती की काय? च्युइंगमचं रहस्य उलगडलं, आजी!"

मीही हसले. म्हणजे तोंड तसं केलं.

"पण थांब," तो म्हणाला. तो फोनवर फोटो मोठा करत होता. "खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे. पेन्सिलीने. 'आईंना विचारलं, पाणी काढू का. म्हणाल्या, नाही, आम्ही काढत नाही. आमटीला वेगळी डाळ घेतो.'" तो वाचताना थांबला. "आजी? तिने विचारलं होतं की."

तिने विचारलं होतं. मी ते विसरले होते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की मी फक्त एक ओळ सांगितली नाही. न सांगणं आणि खोटं सांगणं यात मी माझ्यासाठी एक बारीक जागा ठेवली होती, तिथे बसून मी रोज जेवत होते. ती जागा त्या पेन्सिलीच्या ओळीने काढून घेतली. त्या संध्याकाळी, पेन धरून वर बघणारी ती पोर काही वाट बघत नव्हती. ती विचारत होती.

"आजी, नेटवर्क गेलं का?"

"नाही," मी म्हटलं. "नेटवर्क आहे. मिहीर, मीच तसं सांगितलं होतं तिला. मुद्दाम."

"म्हणजे?"

"म्हणजे तिची पोळी बिघडावी म्हणून. चार माणसांत."

तिकडे शेगडीवर काहीतरी चुरचुरत होतं. त्याने ते बंद केलं. "का पण?"

याचं उत्तर मी मनात एकोणतीस वर्षं लिहून ठेवलं होतं, फार सुंदर होतं, त्यात चाळ होती, बंद पडलेली गिरणी होती, ताट निपटणारे हे होते. तोंडातून आलं ते एवढंच. "मला भीती वाटली होती, तिची पोळी माझ्यापेक्षा चांगली होईल याची."

चष्मा काढून त्याने शर्टाला पुसला, त्याने चष्म्यावरचं पीठ आणखी पसरलं. मग खूप हळू म्हणाला, "मी तिला किती वर्षं चिडवलंय, आजी. माझ्या मित्रांसमोर. ती रोज मला डब्यात गरम भाकरी करून द्यायची, तरी चिडवलं." आणि मग, "आईला दे."

मला फोन द्यावा लागला नाही. वृषालीने पदराला हात पुसून तो माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, आता रडेल, आता बोलेल. ती म्हणाली, "मिहीर, तोंड नंतर पाड. अजून डाळ शिल्लक आहे का?"

"आहे. दोन घाण्यांत करणार होतो. अर्धी पाण्यातच आहे, बिनगुळाची."

"देव पावला. चाळणीवर ओत. खाली भांडं ठेव, पाणी फेकू नको. हलवत बसू नको, दहा मिनिटं आपोआप निथळू दे. थेंब पडायचा थांबला की पातेल्यात घे, डाळीपेक्षा थोडा कमीच गूळ चिरून घाल. आच मध्यम. गुळाला पाणी सुटेल, घाबरू नको, ते आटतं. पंधरा मिनिटांत कडेने सुटायला लागेल. मध्ये उलथणं उभं कर. पडलं तर अजून, उभं राहिलं तर बंद. त्यापुढे एक मिनिटही नाही, नाहीतर परत पाक. गरम आहे तोवर चाळणीतून घासून काढ. यंत्र नाही ना तुझ्याकडे? मग वाटीच्या बुडाने घास. मिक्सरला लावू नको, चिकट होतं. आणि पूर्ण गार होऊ दे. कोमट भरलंस तर वाफेने कणीक भिजेल आणि फाटेल."

"आणि हे पहिलं पुरण?"

"त्यात गरम दूध घालून सैल कर, उकळ, वेलची घाल. खीर म्हणून वाढ. जर्मन लोकांना काय कळतंय." ती पहिल्यांदा हसली. "आणि ऐक. कणीक आणि पुरण सारखंच मऊ हवं. एक बोट कणकेत खुपस, एक पुरणात. दोन्हीकडे बोट सारखंच जायला हवं. पुरण कडक असलं तर ते कणकेला फाडतं, सैल असलं तर पळून जातं. कणीक लिंबाएवढी, पुरण त्याच्या दीडपट. तोंड नीट बंद कर, ते खाली ठेव. लाटणं मधून दाबू नको, कडा वाढवत जा. उरलेलं बारीक पीठ भुरभुरवत राहा. तवा आधी चांगला तापव, मग मध्यम कर. एकदाच उलट. घाबरून चाळवत बसलास तर फाटलीच समज."

मी स्टुलावर बसून ऐकत होते. आधी लाजेने ऐकत होते, मग कानाने ऐकायला लागले. दोन्हीकडे एक एक बोट खुपसून बघायचं, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. हे कुठल्या वहीत नसतं. हे शंभर पोळ्या फाटल्यावर आणि हजार न फाटल्यावर हाताला कळतं. मिक्सर नको, वाटीचं बुड, एकदाच उलट. मला जमत नाही म्हणणारी बाई हे बोलत होती, आणि बोलताना तिचा उजवा हात हवेत, नसलेल्या पोळपाटावर, कडेकडेने फिरत होता. हलका. माझ्यापेक्षा हलका.

पावणेसहाला मिहीरने फोटो पाठवला. एका ताटात सहा पोळ्या. कडा वाकड्या, एकीचा नकाशा झालेला, पण अखंड. सोनेरी ठिपके पडलेले, वर तूप. एका पिकल्या केसांच्या बाईचा हात ताटाकडे येताना फोटोत आलेला. खाली त्याने लिहिलं होतं, 'आईची पोळी.' माझं नाव कुठे नव्हतं. नसणारच. तरी मी फोटो दोनदा वर-खाली करून बघितला, म्हातारी खोड.

संध्याकाळ झाली. खाली पोरांनी बोंबा मारायला सुरुवात केली होती, काटेसावरीवरचं ऊन उतरलं होतं. दुपारी कॉलच्या गोंधळात मी आमटीची शेगडी बंद केली होती, ती आता रात्रीच्या जेवणासाठी परत पेटवली आणि तिथेच उभी राहिले. मला काहीतरी बोलायचं होतं. शिमग्याला लोक वर्षभराचं तोंडातलं सगळं होळीत ओरडून टाकतात म्हणे. मला साधं 'चुकलं' म्हणायला शब्द फुटेना. वृषाली ताटं घ्यायला आत आली. मी विचारलं ते भलतंच. विचारलं, "तू कधी शिकलीस गं?"

तिने ताटं मोजून उचलली. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, आणि मायेनेही नाही. बाजारात तिची आई गिऱ्हाइकाला शेवटचा भाव सांगते, तशा आवाजात म्हणाली,

"दुसऱ्याच वर्षी, आई. तुम्ही पहाटे डाळ गाळत होतात, मी पाणी प्यायला उठले होते. तेव्हापासून धुळवडीला माहेरी मी एकटी साठ पोळ्या लाटते, अख्खी गल्ली खाते. मासे चापायला नव्हते जात. इथे लाटायच्या नाहीत हे मी ठरवलं होतं, आणि इथे लाटणार नाहीच, तुम्ही आज कितीही रडलात तरी. ते पान मी बदललं असतं, एक ओळ तर घालायची होती. पण ती ओळ तुमच्या तोंडून माझ्या पोराला ऐकू जायला हवी होती. गेली. आता सरका जरा बाजूला, तुमचा कट उतू चाललाय."